मॅन्युअलमधला दुसरा तक्ता

गाडीच्या ग्लव्ह बॉक्समध्ये प्लास्टिकच्या पाकिटात जे मॅन्युअल पडून असतं, त्यात देखभालीचे तक्ते बहुतेक वेळा दोन असतात. पहिला सगळ्यांना तोंडपाठ असतो. आपल्याकडच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांचं इंजिन ऑइल १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी होईल तेव्हा बदलायचं, हे त्यातलंच. सर्व्हिस सेंटरचा आठवणीचा फोन याच तक्त्यावरून येतो. दुसरा तक्ता एक-दोन पानं पुढे असतो. त्याच्या मथळ्यात 'सिव्हिअर', म्हणजे खडतर वापर, असा शब्द असतो आणि तेच ऑइल त्यात ५,००० किलोमीटर किंवा सहा महिन्यांवर आलेलं असतं. हा तक्ता लडाखला जाणाऱ्यांसाठी किंवा खाणीत राबणाऱ्या जीपसाठी असणार, असं समजून आपण पान उलटतो.

पण खडतर वापर कशाला म्हणायचं, हे त्याच पानावर स्पष्ट लिहिलेलं असतं. मारुतीसारख्या कंपन्या प्रत्येक परिस्थितीला ए, बी, सी असं एकेक अक्षर देतात आणि कोणत्या अक्षराला कोणतं काम लवकर करायचं ते समोर मांडतात. सगळ्यात वरचं अक्षर बहुधा 'वारंवार छोट्या फेऱ्या' याचं असतं. ह्युंदाई आणि होंडाच्या अनेक मॅन्युअलमध्ये छोटी फेरी म्हणजे किती, याचा आकडाही सापडतो: साध्या हवेत ८ किलोमीटरपेक्षा कमी, गोठवणाऱ्या थंडीत १६ किलोमीटरपेक्षा कमी. त्याखाली येतं इंजिन चालू ठेवून उभं राहणं आणि हळू वेगाने दूरवर जाणं. मग धूळ, चिखल, कच्चे रस्ते. मग घाटातली ये-जा, टॅक्सीचा वापर, ट्रेलर ओढणं किंवा टपावर ओझं नेणं. आणि काही मॅन्युअलमध्ये ३२ अंश सेल्सियसच्या वरच्या उन्हात शहराच्या गर्दीतून चालवणं.

आता मार्च ते मे या काळात दुपारी पुण्यात सिंहगड रोडवर, नागपुरात सीताबर्डीत किंवा ठाण्यात घोडबंदर रोडवर अडकलेली कोणतीही गाडी घ्या. यादीतल्या दोन-तीन अटी ती एकाच वेळी पुऱ्या करते. महाराष्ट्रातल्या शहरांत रोज कामावर नेली जाणारी बहुतेक खासगी गाडी दुसऱ्याच तक्त्यातली आहे आणि तिची सर्व्हिसिंग पहिल्या तक्त्याने होते आहे, असं माझं ठाम मत आहे.

हे असं होतं कारण आपण ऑइलचं वय किलोमीटरवर मोजतो. किलोमीटर चाकांचे असतात. ऑइल मात्र इंजिन चालू असेल तितका वेळ राबतं, चाकं फिरोत न फिरोत. महामार्गावर सरासरी ५० च्या वेगाने १०,००० किलोमीटर जायला इंजिन २०० तास चालतं. तेच १०,००० किलोमीटर शहरात सरासरी १५ च्या वेगाने कापले तर ६६७ तास होतात. ओडोमीटर दोघांना सारखंच दाखवतो, पण दुसऱ्या गाडीचं ऑइल तिप्पटीहून जास्त राबलेलं असतं. शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. ट्रॅक्टरला अवर मीटर असतो आणि ऑइल तासांवर बदललं जातं, कारण नांगरणीत ट्रॅक्टर किती किलोमीटर गेला याला काही अर्थ नसतो. फोर्डने अमेरिकेतल्या पोलिसांच्या गाड्यांसाठी याचं गणितच देऊन ठेवलं होतं: एक तास जागेवर इंजिन चालू म्हणजे सुमारे ३३ मैल, अर्थात ५३ किलोमीटर गाडी चालवल्यासारखं धरा.

तुमची गाडी यात कुठे बसते ते पाहायला मेकॅनिक लागत नाही. अलीकडच्या बहुतेक गाड्यांच्या डिस्प्लेवर सरासरी वेग दिसतो. तो शून्यावर आणा, महिनाभर हात लावू नका आणि मग वाचा. आकडा २० च्या आसपास किंवा खाली असेल तर दुसरा तक्ता तुमचाच.

तास वाढले की ऑइल थकतं, हे एक. छोट्या फेऱ्यांचं दुखणं त्याहून वेगळं आहे, आणि माझ्या मते संपूर्ण यादीत तेच सर्वांत वाईट. एक लिटर पेट्रोल जळलं की त्यातून साधारण एक लिटर पाणी तयार होतं. ते वाफेच्या रूपात सायलेन्सरमधून निघून जातं, पण थोडा भाग पिस्टनच्या रिंगांमधून खाली ऑइलकडे उतरतो. इंजिन थंड असताना पेट्रोलही गरजेपेक्षा जास्त सोडावं लागतं, कारण थंड धातूवर त्याची पुरती वाफ होत नाही. त्यातलंही काही सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये मिसळतं. ऑइल पुरेसं तापलं, म्हणजे ९०-१०० अंशांच्या घरात जाऊन तिथे काही वेळ राहिलं, की हे पाणी आणि बरंचसं पेट्रोल उडून जातं. अडचण अशी की डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा कूलंटचं तापमान दाखवतो. कूलंट काही मिनिटांत तापतं, खाली सम्पमधलं ऑइल बरंच मागे असतं. पाच-सहा किलोमीटरवर ऑफिस आलं आणि किल्ली फिरवली, की पाणी आणि पेट्रोल आतच राहतं. संध्याकाळी परतताना त्यात भर पडते.

याची खूण डोळ्यांनी दिसते. बॉनेट उघडा, ऑइल भरण्याचं झाकण फिरवून काढा आणि आतली बाजू पाहा. निरोगी इंजिनात तिथे पातळ, तपकिरी तेलाचा हात फिरलेला असतो. सतत छोट्या फेऱ्या करणाऱ्या गाडीत, विशेषतः पावसाळ्यात आणि हिवाळ्यात, झाकणाला पिवळसर पांढरा थर बसलेला दिसतो, ताकावर आलेल्या लोण्यासारखा. ते ऑइल आणि पाणी घुसळून झालेलं मिश्रण आहे. थर फक्त झाकणालाच असेल आणि एक लांबची फेरी मारल्यावर जात असेल, तर घाबरायचं कारण नाही. तो छोट्या फेऱ्यांचा पुरावा समजायचा. डिपस्टिकवरचं ऑइलही दुधाळ दिसत असेल किंवा कूलंट कमी होत असेल, तर मात्र हेड गास्केटमधून कूलंट आत येत असण्याची शक्यता आहे. तेव्हा गाडी न चालवता गॅरेजला दाखवावी.

डिझेल गाडीवाल्यांसाठी याच दुखण्याचा एक नवा प्रकार आला आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झालं आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारा फिल्टर आला. त्यात काजळी भरली की गाडी तो आपोआप जाळून साफ करते. त्यासाठी लागणारी उष्णता मिळवायला अनेक इंजिनांत सिलिंडरमध्येच उशिरा जादा डिझेल सोडतात. महामार्गावर हे काम काही मिनिटांत बिनबोभाट पार पडतं. शहरात ते अर्ध्यावर असतानाच गाडी बंद होते, पुढच्या फेरीला पुन्हा सुरू होतं, पुन्हा अडतं, आणि दर वेळी थोडं न जळलेलं डिझेल भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. परिणामी डिपस्टिकवर ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढते. ऑइल वरच्या खुणेच्याही वर गेलेलं दिसलं तर 'गाडी ऑइल खात नाही' असं समाधान मानू नका. तिथे डिझेल मिसळून पातळ झालेलं ऑइल आहे, आणि पातळ ऑइल बेअरिंगला आधार देऊ शकत नाही. किलोमीटर कितीही झाले असोत, ते तेव्हाच बदलायचं.

टॅक्सी खडतर वापराच्या यादीत असते, पण तिथे एक गंमतीची नोंद आहे. अमेरिकेतल्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या ग्राहकांच्या मासिकाने न्यूयॉर्कच्या ७५ टॅक्सींवर चाचणी घेऊन १९९६ साली निष्कर्ष छापले. ऑइल ३,००० मैलांनी बदललेल्या आणि ६,००० मैलांनी बदललेल्या इंजिनांच्या झिजेत त्यांना म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. दिवसरात्र पाळ्यांत चालणाऱ्या टॅक्सीचं इंजिन थंडच होत नाही, त्यामुळे पाणी आणि पेट्रोल साठायला वाव मिळत नाही. म्हणून त्या चाचणीचा दाखला देऊन 'ऑइल लवकर बदलायची गरज नसते' असं कुणी सांगितलं, तर तुमची गाडी दिवसातून किती वेळा थंडीतून सुरू होते ते आधी पाहावं. बोरिवलीच्या सोसायटीत दिवसभर उभी असलेली आणि रोज स्टेशनपर्यंत दोन किलोमीटर जाणारी गाडी त्या टॅक्सीपेक्षा जास्त खडतर आयुष्य जगते. कॅनडात किंवा मिशिगनमध्ये राहणाऱ्या आपल्या लोकांसाठी तर मॅन्युअलमधली मर्यादा दुप्पट होऊन १६ किलोमीटर होते, ती याच कारणाने: तिथल्या थंडीत ऑइल तापायलाच तितकं अंतर लागतं.

धुळीबद्दल थोडक्यात. मातीच्या रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे कण असतात आणि ते इंजिनातल्या बऱ्याच धातूंपेक्षा कठीण असतात. एअर फिल्टर बहुतेक कण अडवतो, पण चोंदला, नीट बसला नाही किंवा झटकताना फाटला, तर ते आत जाऊन ऑइलमध्ये मिसळतात आणि ते ऑइलच घासायला लागतं. ऊसतोडीच्या हंगामात शेतरस्त्याने रोज जाणाऱ्या गाडीचं ऑइल आणि एअर फिल्टर म्हणूनच एकत्र सांभाळावे लागतात.

आता गिअरबॉक्सकडे वळू, कारण दोन तक्त्यांमधला सर्वांत मोठा फरक इथे सापडतो. ह्युंदाईच्या अनेक मॅन्युअलमध्ये ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या ऑइलपुढे पहिल्या तक्त्यात 'तपासणी वा सर्व्हिस लागत नाही' असं छापलेलं असतं. गॅरेजमध्ये ज्याला 'लाइफटाइम ऑइल' म्हणतात ते हेच. त्याच मॅन्युअलच्या दुसऱ्या तक्त्यात मात्र त्याच ऑइलला १ लाख किलोमीटरच्या आसपास बदलायला सांगितलेलं असतं. म्हणजे त्याच गाडीचं तेच ऑइल एका पानावर जन्मभराचं असतं आणि दुसऱ्या पानावर त्याला मुदत लागते. फरक उष्णतेचा. जुन्या धाटणीच्या ऑटोमॅटिकमध्ये इंजिनाची ताकद टॉर्क कन्व्हर्टरमधल्या ऑइलमधून चाकांकडे जाते. गाडी सरळ वेगात असताना कन्व्हर्टर आतून लॉक होतो आणि ऑइल फारसं घुसळलं जात नाही. गर्दीत दर दहा मीटरला सुटणाऱ्या-थांबणाऱ्या गाडीत तो लॉक होतच नाही; ऑइल सतत घुसळत राहतं, तापतं, आणि बाहेरून थंड करायला वाराही लागत नाही. साधारण ठोकताळा असा की नेहमीच्या तापमानापेक्षा दर १० अंशांनी ऑइल विटण्याचा वेग जवळपास दुप्पट होतो. घाट चढताना, तेही गाडी माणसांनी आणि सामानाने भरलेली असताना, हेच घडतं.

विटलेल्या ऑइलची खूण म्हणजे काळपट रंग आणि जळका वास. गाडीत जाणवणारी खूण म्हणजे गिअर बदलताना बसणारा धक्का, किंवा रेस दिल्यावर आवाज वाढतो पण गाडी क्षणभर पुढे सरकत नाही. ही लक्षणं दिसेपर्यंत थांबलात तर नुसतं ऑइल बदलून भागेलच असं नाही. आणि बदलताना मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या प्रतीचंच ऑइल घालायचं; सीव्हीटीचं ऑइल वेगळं, साध्या ऑटोमॅटिकचं वेगळं, आणि दोन्ही एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

पुराच्या पाण्याची नोंदही बऱ्याच मॅन्युअलमध्ये तक्त्याखाली बारीक टाइपात असते: गिअरबॉक्स पाण्यात बुडाला तर त्याचं ऑइल बदला. गिअरबॉक्सला आणि डिफरन्शियलला हवा ये-जा करायला एक छोटी नळी असते. तापलेला डबा एकदम थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि त्या वाटेने किंवा सीलजवळून पाणी आत ओढलं जातं. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ मध्ये चिपळूणला पुरात उभ्या राहिलेल्या गाड्यांचं इंजिन ऑइल लोकांनी आठवणीने बदललं असेल, गिअर ऑइल मात्र अनेकदा राहून जातं.

ब्रेक ऑइलला ना तास झिजवतात ना धूळ. त्याचा शत्रू हवेतला दमटपणा. नेहमीचं ब्रेक ऑइल पाणी शोषून घेतं, रबरी नळ्यांमधून आणि टाकीच्या झाकणातून. नवीन डॉट ४ ऑइल किमान २३० अंशांवर उकळावं असं मानक सांगतं. त्याच ऑइलात ३.७ टक्के पाणी मुरलं, की ती किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. डॉट ३ साठी हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. सपाट रस्त्यावर हा फरक कळत नाही, घाट उतरताना कळतो. चार माणसं आणि सामान धरून १,३०० किलोची गाडी ६०० मीटर खाली उतरते, तेव्हा जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते ती २६ लिटर पाण्याला ३० अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला पुरेल इतकी असते. खालचा गिअर टाकून उतरलात तर त्यातला मोठा वाटा इंजिन घेतं. टॉप गिअरमध्ये सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर जवळपास सगळी ब्रेकच्या चकत्यांत जाते आणि तिथून कॅलिपरमधल्या ऑइलमध्ये. ऑइलमधलं पाणी उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. त्यामुळे ब्रेकचं पॅडल मऊ लागतं आणि पायाखाली खोल जातं, गाडी मात्र थांबत नाही.

म्हणून काही कंपन्यांनी दमट आणि डोंगराळ भागासाठी ब्रेक ऑइलची मुदत जवळपास अर्ध्यावर आणली. सुबारूच्या अमेरिकेतल्या जुन्या तक्त्यांत सर्वसाधारण मुदत ३० महिन्यांची होती आणि अशा भागांसाठी १५ महिन्यांची. आपल्याकडे दोन वर्षांची मुदत सर्रास दिसते. वर्षातले चार महिने पावसात आणि घाटाची ये-जा चालूच, अशा कोकणातल्या गाडीने ती दीड वर्षावर, शक्य तर वर्षावर आणावी. चांगल्या गॅरेजमध्ये टाकीत बुडवून पाण्याचं प्रमाण दाखवणारं छोटं यंत्र असतं. पण टाकीतलं ऑइल वरचं असतं, खरं तापतं ते चाकाजवळचं. म्हणून टाकीतलं ओढून नवं भरणं पुरत नाही, चारही चाकांवर ब्लीडिंग करून घ्यायला हवं.

राहिलं कूलंट. याचा आकडा दुसऱ्या तक्त्यातही बहुतेक कंपन्या बदलत नाहीत. टोयोटाचं मूळ कूलंट तर पहिल्यांदा १ लाख ६० हजार किलोमीटरपर्यंत चालतं. तरीही ते पूर्णपणे सुटत नाही, कारण धातूला गंज लागू न देणारी त्यातली रसायनं तासांनी आणि उष्णतेने हळूहळू संपतात. आपल्याकडे त्याचं आयुष्य कमी होतं ते वेगळ्याच वाटेने: उन्हाळ्यात पातळी उतरलेली दिसली की पेट्रोल पंपावर नळाचं पाणी ओतलं जातं. बोअरच्या जड पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात आणि कूलंट पातळ होतं. असं दोनदा-तीनदा झालं असेल, रंग गढूळ किंवा गंजासारखा दिसत असेल, तर छापील मुदत सोडून द्यावी.

हे सगळं एका गाडीवर बसवून पाहू. समजा, कोथरूडमधली पेट्रोल ऑटोमॅटिक गाडी आहे. ऑफिस ६ किलोमीटरवर, म्हणजे वर्षाच्या ३०० दिवसांत जाऊन-येऊन ३,६०० किलोमीटर. मुलांची शाळा, मंडई, नातेवाईक मिळून आणखी ९००. वर्षातून चार वेळा रत्नागिरीला गावी, ते सुमारे २,५००. एकूण ७,०००. पहिल्या तक्त्याने पाहिलं तर वर्ष भरलं तरी १०,००० झालेले नाहीत. मालकाला वाटतं, आपण वेळेआधीच ऑइल बदलतोय. आता तास मोजा. शहरातले ४,५०० किलोमीटर १५ च्या वेगाने म्हणजे ३०० तास, बाहेरचे २,५०० किलोमीटर ५० ने म्हणजे ५० तास. ३५० तास, आणि नुसत्या ऑफिसच्या ६०० थंड सुरुवाती. महामार्गावर १०,००० किलोमीटर चाललेल्या गाडीच्या २०० तासांपेक्षा हे दीडपटीहून जास्त आहे.

या गाडीचं इंजिन ऑइल आणि फिल्टर सहा महिन्यांनी बदलायचे, साधारण ३,५०० किलोमीटरला. गावी जाण्याच्या लांब फेऱ्या ऑइलमधलं पाणी उडवतात, ही जमेची बाजू. पण त्यात तयार झालेली आम्लं आणि काजळी तिथेच राहते, म्हणून त्या फेऱ्यांच्या भरवशावर मुदत वाढवायची नाही. ब्रेक ऑइल दरवर्षी, गणपतीला कोकणात उतरण्याआधी. गिअरबॉक्सचं ऑइल दुसऱ्या तक्त्यातल्या आकड्याला. पण वर्षाला ७,००० च्या चालीने १ लाख व्हायला चौदा वर्षं लागतील, तेव्हा पाच-सहा वर्षांनी त्याचा रंग आणि वास पाहून घ्यावा. कूलंटची पातळी महिन्यातून एकदा, इंजिन थंड असताना पाहायची आणि टॉप-अपसाठी तयार मिश्रणाची बाटली घरात ठेवायची.

सर्व्हिस सेंटरमध्ये काउंटरवर 'सगळी ऑइलं बदलून टाकू' असं सांगणाराही भेटतो, आणि 'लाइफटाइम आहे, काही लागत नाही' म्हणणाराही. दोघांना एकच विचारायचं: आमच्या गाडीच्या मॅन्युअलमधल्या खडतर वापराच्या तक्त्यात कोणतं अक्षर लागू आहे, आणि त्या अक्षरापुढे या ऑइलला काय लिहिलंय? त्याचं उत्तर पान उघडूनच द्यावं लागतं. मधल्या सहा महिन्यांच्या ऑइल बदलाची नोंद सर्व्हिस बुकात करून बिल जपून ठेवायचं, कारण तो बदल सर्व्हिस सेंटरच्या फोनच्या वेळापत्रकात नसतो.